जेजुरीचा भंडारा आणि f/16 ला दिसणारे ठिपके

प्रश्न: गेल्या सोमवतीला जेजुरीला गेलो होतो. गडावर भंडारा उडत असताना दोनदा लेन्स बदलली (चूक झाली, कळतंय). तिथले फोटो छान आले. पण परवा हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याचे फोटो f/16 ला काढले तर आकाशात करड्या ठिपक्यांची रांगोळी. त्याच लेन्सने f/2.8 ला एकही ठिपका नाही. लेन्स बिघडली की सेन्सर? दुकानदार म्हणतो आमच्याकडे साफसफाईला टाका, मित्र म्हणतो इअरबडला स्पिरिट लावून पूस. कॅमेरा फुल-फ्रेम मिररलेस, 24 मेगापिक्सेल, वॉरंटी संपलेली. घरी करू की सर्व्हिस सेंटरला देऊ?

उत्तर:

आधी तो इअरबड खाली ठेवा. बाकीचं सावकाश बोलू.

मी पुण्यात वास्तूंचे आणि घरांच्या अंतर्भागाचे फोटो काढतो. त्या कामात f/11 च्या अलीकडे फारसं यावं लागत नाही, त्यामुळे सेन्सरवरची धूळ इतरांना वर्षातून एकदा भेटते ती मला दर महिन्याला भेटते. गेली पंधरा-सोळा वर्षं स्वतःचे कॅमेरे घरीच साफ करतो, आणि कार्यशाळेला येणाऱ्यांचेही बरेच केलेत. त्यातून एक समजलं: घरी करायचं की बाहेर द्यायचं, हे काचेवर नेमकं काय बसलंय ते कळल्याशिवाय ठरत नाही. नुसता बसलेला कोरडा कण, चिकटलेला कण, पसरलेला डाग आणि काचेच्या आत गेलेलं काहीतरी, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला फुंकणीचा पंप पुरतो, आणि चौथीला घरी हात लावायचाच नसतो. तुमच्या बाबतीत त्यात भंडारा आलाय, म्हणजे हळद. तिचा स्वभाव साध्या धुळीपेक्षा वेगळा आहे. त्याकडे येतोच.

लेन्स बिघडलेली नाही. लेन्सच्या पुढच्या काचेवर कण असला तर तो फोकसच्या इतका बाहेर असतो की असा सुटा ठिपका म्हणून उमटत नाही. खात्री करायची असेल तर दुसरी कुठलीही लेन्स लावून f/16 ला फोटो काढा. ठिपके त्याच जागी दिसले तर ते सेन्सरकडचेच.

आता f/2.8 ला ते कुठे जातात? धूळ प्रत्यक्ष सेन्सरच्या पिक्सेलवर बसत नाही. त्यांच्यापुढे फिल्टरची काच असते, तिच्या पृष्ठभागावर बसते. हे अंतर मॉडेलनुसार बदलतं, आपण हिशेबापुरतं 2 मिलिमीटर धरू. कण पिक्सेलपासून थोडा दूर आहे, म्हणून फोटोत जे दिसतं तो कण नसून कणाची सावली असते. भिंतीजवळ हात धरून पाहा. ट्यूबलाइटखाली सावली पसरट आणि फिकी पडते, तर उघड्या छोट्या बल्बखाली कडा रेखीव होतात. f/2.8 म्हणजे ट्यूबलाइट आणि f/16 म्हणजे छोटा बल्ब.

आकड्यांत बघायचं तर एका पिक्सेलकडे येणारा प्रकाशाचा शंकू काचेच्या पृष्ठभागावर किती रुंद असतो ते काढायचं: अंतर भागिले f-आकडा. f/2.8 ला 2 भागिले 2.8, म्हणजे साधारण 0.7 मिलिमीटर. f/16 ला 2 भागिले 16, म्हणजे 0.125 मिलिमीटर. आता भंडाऱ्याचा एक बारीक कण 0.05 मिलिमीटरचा समजा. f/2.8 च्या रुंद शंकूत तो जेमतेम अर्धा टक्का प्रकाश अडवतो, आणि ही सावलीही सव्वाशे पिक्सेलवर पसरते. डोळ्याला काहीच कळत नाही. तोच कण f/16 च्या अरुंद शंकूत सुमारे 16 टक्के प्रकाश अडवतो, आणि सावली वीस-तीस पिक्सेलांत गोळा होते. निळ्या आकाशात हा ठिपका डोळ्यांत भरणारच. f/8 ला हाच हिशेब 4 टक्क्यांवर येतो, म्हणून f/8 च्या फोटोंत ठिपके नुसते असल्यासारखे वाटतात. काचेतल्या वक्रीभवनाचा विचार मी यात धरलेला नाही, हिशेब ढोबळ आहे. जेजुरीचे फोटो छान आले ते का, हेही यातून कळतं. गर्दीत तुम्ही f/2.8, f/4 वर असणार. घाण त्याच दिवशी बसली, दिसली मात्र कोकणकड्यावर.

ठिपके आकाशातच का, याला दोन कारणं आहेत. एक तर आकाश सपाट असतं, तिथे लपायला जागा नाही. कड्याच्या खडकात तितकेच ठिपके असतील, पण ते दिसणार नाहीत. दुसरं, लेन्स सेन्सरवर प्रतिमा उलटी पाडते. फोटोत वर दिसणारं आकाश सेन्सरच्या खालच्या भागात असतं, आणि सुटे कण घसरून खालीच येतात. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल: लेन्स काढून कॅमेऱ्यात समोरून बघाल तेव्हा फोटोतलं डावं तुमच्या डावीकडेच असेल, पण वरचं खाली असेल. फोटोत वरच्या डाव्या कोपऱ्यात ठिपका असला तर सेन्सरवर तो कण खालच्या डाव्या कोपऱ्यात शोधायचा.

साफसफाईला हात घालण्याआधी चाचणीचा फोटो काढा. हा टप्पा लोक टाळतात, आणि मग सुधारलं की बिघडलं हे त्यांनाच कळत नाही. लॅपटॉपच्या स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा. 50 मिमी किंवा त्याहून लांब लेन्स लावा, अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी, f/16, आयएसओ 100, एक्स्पोजर +1. फोकस मॅन्युअल करून अनंतावर ठेवा, म्हणजे स्क्रीनवरचे बारीक चौकोन येणार नाहीत. शटर पाव सेकंदाच्या आसपास येईल, तेवढ्या वेळात कॅमेरा हळूच हलवा. स्क्रीनवरचं जे काही असेल ते पुसट होईल, पण सेन्सरवरचं कॅमेऱ्याबरोबरच हलतं, ते जागच्या जागी राहील. फोटो संगणकावर 100 टक्क्यांना उघडून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघा. लाइटरूम असेल तर हीलिंगच्या साधनात `Visualize Spots` वर टिचकी मारा, ठिपके काळ्यावर पांढरे उठून दिसतील. काही जण ही चाचणी f/22 ला करायला सांगतात. मी करत नाही. तुम्ही फोटो f/16 पर्यंतच काढत असाल तर f/22 ला सापडलेल्या कणामागे लागून सेन्सरला जास्तीचे हात लागतात, बाकी काही होत नाही.

या फोटोत ठिपक्यांचा आकार बघा. मऊ कडांचा गोल किंवा वेडावाकडा करडा ठिपका म्हणजे धूळ. वळलेला केसासारखा धागा म्हणजे कापडाचा तंतू. मध्ये उजळ आणि कडेला गडद अशी वाटोळी चकती असेल तर तेलाचा थेंब असण्याची शक्यता जास्त. भांडं वाळल्यावर राहतात तशी कडी म्हणजे वाळलेलं पाणी किंवा थुंकी. हो, थुंकी. तोंडाने फुंकर मारणारे कमी नाहीत. आणि लाल-निळा टिंब सगळ्याच f-आकड्यांना तितकाच ठळक दिसत असेल तर तो गरम पिक्सेल, त्याचा साफसफाईशी संबंध नाही.

आता भंडारा. हळदीतला रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, पण अल्कोहोलमध्ये चटकन विरघळतो. आणि सेन्सर पुसायची बरीचशी द्रावणं अल्कोहोलचीच असतात. म्हणजे ओला स्वॅब थेट भंडाऱ्याच्या कणांवर टेकवलात तर कण उचलला जायच्या आधी रंग सुटतो आणि स्वॅब तो काचेभर पसरवत नेतो. एका विद्यार्थ्याने हेच केलं होतं. जेजुरीहून आल्या रात्री, कुठलातरी व्हिडिओ बघून. माझ्याकडे आला तेव्हा पांढऱ्या चाचणीत उजव्या कडेला पिवळसर पट्टा होता आणि पट्ट्याच्या टोकाला, जिथे स्वॅब उचलला तिथे, सगळा ऐवज गोळा झालेला. तो काढायला मला पाच स्वॅब लागले. त्यातून बाजारातला भंडारा म्हणजे निव्वळ हळदच असेल असंही नाही. त्यात पिठं मिसळलेली असतात, आणि पीठ ओलं झालं की त्याची खळ होते. जोतिबाच्या गुलालालाही हाच नियम लावा. अशा ठिकाणच्या धुळीसाठी माझा आग्रह एकच: जेवढं कोरडं निघतं तेवढं आधी कोरडंच काढायचं.

सुरुवात सेन्सरपासून करू नका. कॅमेऱ्याच्या बाहेर भंडारा असेपर्यंत आत साफ करण्यात अर्थ नाही, तो पुन्हा आत जाणार. लेन्स लावलेली असतानाच मऊ ब्रशने बॉडीच्या खाचा, डायल, पट्ट्याच्या कड्या झाडा. मग लेन्स काढून कॅमेऱ्याला बॉडी कॅप लावा आणि लेन्सची मागची काच व धातूची कडी बघा. तुमच्या लेन्सच्या मागच्या कडीवर पिवळी रेघ सापडेल अशी माझी पैज. ती कोरड्या मायक्रोफायबरने पुसा. बॉडी कॅप आणि लेन्सचं मागचं झाकण साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. कित्येकदा धुळीचं गोदाम ही झाकणंच असतात, कारण आपण ती शर्टाच्या खिशात टाकतो.

खोलीचं म्हणाल तर पंखा बंद, खिडक्या बंद, फरशी ओल्या फडक्याने पुसून अर्धा तास थांबा. उदबत्ती नको. लोकरी किंवा फ्लॅनेलचे कपडे अंगावर नकोत. बॅटरी पूर्ण भरलेली हवी.

मग कॅमेऱ्याच्या मेनूतली स्वयंचलित सफाई चालवा. त्यात फिल्टरची काच अतिवेगाने थरथरवली जाते. ऑलिम्पसने 2003 मध्ये ई-1 कॅमेऱ्यात हे पहिल्यांदा आणलं, आता जवळपास सगळ्यांत आहे. कॅमेरा टेबलावर सरळ, तळ खाली असा ठेवा, म्हणजे झडलेली धूळ खाली पडेल. पाठोपाठ चार-पाच वेळा चालवलं तरी चालतं. कोरडी धूळ याने बरीच उतरते, चिकटलेली नाही.

त्यानंतर पंप, म्हणजे रबरी फुग्याची फुंकणी. डबाबंद दाबाची हवा मुळीच वापरू नका. त्या डब्यातून मध्येच थंडगार द्रव फवारला जातो आणि काचेवर डाग पाडतो. पंपाची आधी बाहेर चार-पाच वेळा हवा सोडा, त्याच्या पोटातली धूळ निघून जाऊ दे. कॅमेऱ्यात मेनूतून सफाईचा मोड लावा. कुठे त्याला `Clean manually` म्हणतात, कुठे `Cleaning Mode`. हे महत्त्वाचं अशासाठी की काही मिररलेस कॅमेरे बंद केल्यावर शटरचा पडदा पुढे ओढून घेतात. लेन्स काढल्यावर समोर करड्या पात्या दिसत असतील तर तो सेन्सर नाही, शटर आहे. त्यावर जोरात हवासुद्धा मारायची नाही. चकचकीत, किंचित हिरवट-जांभळी झाक असलेली काच दिसली की समजा सेन्सर समोर आहे. (कोणी डीएसएलआरवाला हे वाचत असेल तर: आरसा वर उचलून ठेवणारा मोड वापरा, आणि अर्धवट बॅटरीवर करू नका. मध्येच ती संपली तर आरसा आणि पडदा तुमच्या हातातल्या वस्तूवर येऊन आदळतील.)

कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे करून धरा, पंपाचं टोक माउंटच्या कडीच्या आत जाऊ न देता खालून वर दहा-बारा झटके द्या. सेन्सर वर आणि तोंड खाली, म्हणजे सुटलेला कण बाहेर पडतो. कॅमेरा टेबलावर उताणा ठेवून फुंकलंत तर धूळ आतल्या आत फिरून परत तिथेच बसते. लेन्स लावा, चाचणीचा फोटो काढा, आधीच्याशी जुळवून पाहा. दोन-तीन फेऱ्या करा.

त्या विद्यार्थ्याचा प्रकार झाल्यावर पुढच्या वर्षी मी स्वतः जेजुरीला गेलो आणि आल्यावर मुद्दाम टिपून ठेवलं. पहिल्या चाचणीत f/16 ला एकतीस ठिपके होते. स्वयंचलित सफाईनंतर बावीस राहिले. पंपाच्या पहिल्या फेरीने अकरा, दुसरीने आठ. तिसरीनंतरही आठच, पण त्यातले दोन जागा बदललेले. जे हलतात ते अजून सुटे आहेत, म्हणून चौथी फेरी केली आणि सहा उरले. पाचव्या फेरीत काहीच बदललं नाही. हे सहा चिकटलेले, यांना पंप पुरणार नाही. एकतीसातले पंचवीस काचेला काहीही न टेकवता गेले होते. तुमचंही बहुतेक असंच होईल, आणि उरलेले ठिपके फोटोच्या कडेला असतील तर तुम्ही इथेच थांबलात तरी माझी हरकत नाही.

थांबायचं नसेल तर ओली सफाई. यासाठी स्वॅब सेन्सरच्या मापाचा हवा. फुल-फ्रेमला 24 मिलिमीटर रुंदीचा, एपीएस-सी असेल तर 16 मिलिमीटरचा. स्वॅबची रुंदी सेन्सरच्या उंचीइतकी असते, म्हणून एका फटक्यात पूर्ण काच पुसली जाते आणि मध्ये जोड राहत नाही. बंद पाकिटातले, निर्जंतुक खोलीत भरलेले घ्या. द्रावण सेन्सरसाठीचंच हवं. तुमच्या मित्राच्या स्पिरिटमध्ये पाणी आणि इतर भेसळ असते, ती वाळल्यावर कडी सोडते. चष्म्याच्या द्रावणाचंही तेच. आणि इअरबडचा कापूस तंतू सोडतो, शिवाय टोक एवढंसं असल्यामुळे सगळा दाब एका बिंदूवर येतो. त्याच्याखाली भंडाऱ्यातली एखादी रेतीची कणी सापडली तर ओरखडा ठरलेला.

स्वॅबच्या कडेवर दोन थेंब, फार तर तीन. पाच-सात सेकंद थांबा, थेंब पसरू द्या. जास्त द्रावण हा नवख्यांचा सगळ्यात मोठा दोष. ते काचेच्या कडेने आत उतरतं आणि तिथे पुसायला कोणी पोचू शकत नाही. स्वॅब एका कडेला टेकवा, किंचित तिरपा करा आणि एकाच वेगाने, तीन-चार सेकंदांत दुसऱ्या कडेपर्यंत न्या. मध्ये थांबायचं नाही, मागे-पुढे घासायचं नाही. दाब इतकाच की स्वॅबचं पातं जरासं वाकलेलं दिसावं. तुमच्या कॅमेऱ्यात सेन्सर हलवून हात स्थिर करणारी यंत्रणा असेल तर काच दाबाखाली थोडी सरकल्यासारखी वाटेल. घाबरू नका, पण जोरही लावू नका. दुसऱ्या कडेला उचला, स्वॅब उलटा करून कोऱ्या बाजूने परत या. तो स्वॅब संपला. भंडाऱ्यानंतर त्याची टोकं उजेडात बघा. पिवळी दिसली तर दुसऱ्या स्वॅबने पुन्हा हेच करा. एक स्वॅब दोनदा वापरून वाचणारे पैसे फार महागात पडतात.

वाळायला एखादं मिनिट द्या, चाचणी घ्या. माझ्या त्या सहा ठिपक्यांतले चार पहिल्या स्वॅबने गेले, एक दुसऱ्याने. एक राहिला, खालच्या उजव्या कोपऱ्यात. तो अजूनही तिथे आहे. तिसरा स्वॅब मी काढला नाही, कारण जो कण दोन ओल्या फेऱ्यांनी निघत नाही तो एक तर वाळून चिकटलेला असतो किंवा काचेच्या वर नसतोच, आणि दोन्ही वेळा आणखी घासण्यात धोकाच जास्त. जेलची चिकट कांडी मिळते, तीही मी धुळीवर कधीतरी वापरतो. पण भंडारा किंवा तेल यावर नाही, कारण घाण कांडीला लागून पुढच्या जागी उमटते.

सर्व्हिस सेंटरला कधी, याचं उत्तर आता सोपं होतं. दोन ओल्या फेऱ्यांनंतरही ठिपके तिथेच आणि तसेच असतील, तर. रेखीव सरळ रेघ दिसत असेल आणि ती कशानेही हलत नसेल, तर तो ओरखडा असू शकतो. द्रावण कडेने आत गेल्यासारखा ढगाळ डाग असेल, किंवा पावसाळ्यात पेटीत पडून राहिलेल्या कॅमेऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसत असेल, तर घरी काही करू नका. आणि तेलाच्या चकत्या साफ करूनही काहीशे फोटोंत परत येत असतील तर दोष सफाईचा नसून शटरच्या यंत्रणेचा असतो. 2012 मध्ये आलेला निकॉनचा डी600 यासाठीच गाजला होता. त्याच्या फोटोंत कणीदार काळे ठिपके येत. कंपनीने 2013 च्या फेब्रुवारीत त्याबद्दल सूचना काढली आणि 2014 मध्ये शटरसुद्धा विनामूल्य बदलून द्यायला सुरुवात केली. अशा वेळी स्वॅब मारत बसणं म्हणजे गळकं छत तसंच ठेवून फरशी पुसणं. वॉरंटी असती तर मी तुम्हाला पंपाच्या पुढे जाऊ दिलं नसतं. तुमची संपली आहे, म्हणून हा प्रश्न मिटला. आणि हात थरथरत असेल, किंवा काचेला टेकवायच्या कल्पनेनेच घाम फुटत असेल, तर तेही बाहेर द्यायला पुरेसं कारण आहे.

कंपनीचं अधिकृत सेंटर आणि नाक्यावरचं दुकान यांत मी सरसकट भेद करत नाही. दोन्हीकडे माणूस कोण आहे यावर ठरतं. एका दुकानात मी एकदा घाईत कॅमेरा दिला होता. परत घेताना बघितलं नाही. घरी आलो तर जुने ठिपके निम्मे, आणि मधोमध एक नवा तंतू. चूक माझीही होतीच. तेव्हापासून देताना चाचणीचा फोटो काढून दाखवतो, घेताना काउंटरवरच दुसरा काढून लॅपटॉपवर बघतो. पावतीवर बॉडीचा क्रमांक आणि ‘सेन्सर सफाई’ एवढंच काम लिहून घेतो, कार्ड आणि पट्टा काढून ठेवतो. आणि विचारतो: नुसतं वरून पुसणार की उघडणार? उघडायची वेळ आली तर आधी फोन करा. सेन्सरचा पूर्ण भाग बदलायचा म्हटला तर खर्च इतका येतो की कधीकधी जुनी बॉडी घेणं स्वस्त पडतं, तो निर्णय तुमच्या गैरहजेरीत व्हायला नको.

जेजुरीला पुन्हा जाल तर दोन बॉडी न्या, किंवा एकच झूम लावून जा आणि ती गडावर काढू नका. बदलावीच लागली तर कॅमेरा बंद करून, तोंड खाली करून, पिशवीच्या आत. झूम आत-बाहेर करतानाही हवा ओढली जाते, त्यामुळे थोडीफार धूळ येणारच. आणि कोकणकड्याला f/16 ची गरज कितपत होती, हेही बघा. सूर्याची किरणं ताऱ्यासारखी हवी असतील तर ठीक. जवळचं-लांबचं सगळं रेखीव यावं एवढ्यासाठी f/11 पुरतं. त्यापुढे विवर्तनामुळे फोटो मऊ पडायला लागतो, आणि ठिपके मात्र ठळक होत जातात.

कोकणकड्याचे काढलेले फोटो फुकट गेलेले नाहीत. ठिपके सगळ्या फोटोंत एकाच जागी आहेत, म्हणून एका फोटोत ते हीलिंगने काढा आणि तीच दुरुस्ती बाकीच्यांवर उतरवा. आकाशात ती बहुतेक बिनचूक बसते. ठिपका जिथे कड्याच्या रेषेवर आलाय तिथे मात्र हाताने बघावं लागेल, नाहीतर कड्यातून आकाशाचा तुकडा उगवतो. आज रात्री पंपाच्या फेऱ्या झाल्या की आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही चाचणीचे फोटो इथे टाका. स्वॅब मागवायचे की नाही ते बघून सांगतो.